फॉर्म भरण्याचे घरबसल्या काम, त्याचा करार आणि खरे काम शोधण्याच्या जागा

प्रश्न: नमस्कार ताई. मी इंदूरला राहते. बी.कॉम. झाले आहे, लग्नाआधी एका दुकानात टॅलीवर काम करत होते. मुले शाळेत गेल्यावर ११ ते ३ एवढा वेळ मिळतो. घरून काम करायचे आहे, पण कोणते ॲप खरे आणि कोणते खोटे हे कळत नाही. एका कंपनीने फॉर्म भरण्याचे काम देऊ केले आहे. नोंदणीचे पैसे मागत नाहीत, फक्त करारावर सही करायची आहे. माझ्या नणंदेला तर व्हिडिओ लाइक करण्याचे १५० रुपये खरोखर मिळाले. हे काम घ्यावे का? नाहीतर कुठे शोधावे?

उत्तर:

करारावर सही करू नका, आणि आधार, पॅन किंवा सहीचा फोटो अजून पाठवला नसेल तर तोही पाठवू नका. मी अनेक वर्षे घरूनच हिशेबाचे आणि भाषांतराचे काम करते, त्यामुळे या वाटेने येऊ पाहणाऱ्या ओळखीच्या बायका असे करार आणि संदेश मला वाचायला आणून देतात. त्यावरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. ‘काम देण्याआधी पैसे मागितले तर फसवणूक समजावी’ हा नियम आता सर्वांना पाठ झाला आहे आणि तो फसवणाऱ्यांनाही पाठ आहे, म्हणून त्यांनी पैसे मागण्याची वेळ पुढे ढकलली आहे. तेव्हा पैसे मागतात की नाही एवढेच पाहून भागत नाही. काम सुरू होते त्या क्षणी काम देणाऱ्याचा पैसा कुठे ठेवलेला आहे, आणि काम बिघडले तर कोणाच्या खिशातून पैसा जाणार आहे, हे विचारावे लागते. ॲप निवडतानाही मी हीच कसोटी लावते.

फॉर्म भरण्याचा हा प्रकार कसा चालतो ते एका प्रकरणावरून सांगते. राजेंद्र नगरातील एका गृहिणीने नोकरीच्या एका ॲपवर आपली माहिती टाकली. दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर संदेश आला, मग एका मुलीचा गोड बोलणारा फोन. काम असे की संकेतस्थळावर चित्ररूपात ५०० फॉर्म दिसतील, त्यांतील नाव, पत्ता, फोन, पॉलिसी क्रमांक असे २० रकाने भरायचे, मुदत ६ दिवस, प्रत्येक फॉर्मला ३० रुपये, म्हणजे एकूण १५,००० रुपये. अट एवढीच की ९५ टक्के फॉर्म पूर्णपणे बिनचूक असावेत. नोंदणी मोफत. स्टँप पेपरच्या चित्रावर छापलेला करार आला, त्यावर तिने नाव लिहून सही केली आणि आधारचा फोटो जोडला. कराराच्या एका कलमात लिहिले होते की अचूकता कमी पडली किंवा काम अर्धवट सोडले तर ‘पोर्टल वापर शुल्क’ म्हणून ५,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ५,९०० रुपये भरावे लागतील. हे कलम तिने वाचले होते, परंतु आपण काळजीपूर्वक काम करणार आहोत, मग भीती कशाची, असे तिला वाटले.

आता हिशेब करून पाहा. एका फॉर्मला ४ मिनिटे धरली तरी ५०० फॉर्मना २,००० मिनिटे, म्हणजे ३३ तासांहून अधिक वेळ लागतो. दिवसाचे ४ तास मिळत असतील तर ६ दिवसांत २४ तास होतात आणि ३६० फॉर्मच्या पुढे जाता येत नाही. म्हणजे आपल्याला मिळणाऱ्या वेळेत ते काम मुळात पुरेच होऊ शकत नाही. समजा रात्री जागून पुरे केले, तर पुढे अचूकतेची अट उभी आहे. ५०० फॉर्म आणि प्रत्येकी २० रकाने म्हणजे १०,००० नोंदी. सराईत हाताने २०० नोंदींत एखादी चूक केली तरी ५० चुका होतात. हे काम रकान्यांच्या हिशेबाने साडेनव्व्याण्णव टक्के बिनचूक झाले, पण त्या ५० चुका जवळजवळ तितक्याच वेगवेगळ्या फॉर्मांत पडल्या, की बिनचूक फॉर्म उरतात ९० टक्क्यांच्या आसपास. अट ९५ टक्क्यांची आहे. त्यातच चित्रातील अक्षरे मुद्दाम पुसट ठेवलेली असतात, म्हणजे इंग्रजीतील मोठा ओ आणि शून्य, आय आणि एक यांत फरक करता येऊ नये. शेवटच्या दिवशी लॉगिन चालेनासे होणे हेही ठरलेलेच. ती अट नापास करण्यासाठीच आखलेली असते.

याहून मोठी खूण मात्र दुसरीच आहे आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. काम जमा केल्यावर अर्ध्या तासात तिला अहवाल आला: अचूकता ६२ टक्के, सोबत चुकलेल्या फॉर्मांची यादी. अर्ध्या तासात १०,००० नोंदी तपासायच्या तर कंपनीजवळ बरोबर उत्तरे आधीपासून टंकलिखित असली पाहिजेत. ती असतील तर तेच पुन्हा टंकून घेण्यासाठी १५,००० रुपये कोण देईल? जे काम करून घेतल्याने काम देणाऱ्याचा काहीच फायदा दिसत नाही, त्या कामाचे पैसे कामातून येणार नसतात. म्हणून कोणतेही काम समोर आले की हे टंकलेखन, हे भाषांतर, हा हिशेब शेवटी कोणाच्या उपयोगी पडतो, असे विचारावे. उत्तर एका वाक्यात सांगता येत नसेल तर तिथेच थांबावे.

अहवालानंतर ५,९०० रुपयांचे बिल आले. त्यात जीएसटी लावला होता, पण जीएसटी क्रमांक कुठेही छापलेला नव्हता, आणि पैसे ज्या यूपीआयवर मागितले त्यावर कंपनीच्या जागी एका व्यक्तीचे नाव दिसत होते. पैसे दिले नाहीत तेव्हा ‘वकील साहेबांचा’ फोन आला, ई-मेलवर न्यायालयाची मुद्रा छापलेली नोटीस आली, आणि दोन दिवसांत पोलीस घरी येतील, सासरच्या पत्त्यावर समन्स जाईल, असे सांगण्यात आले. घरात कोणाला न सांगता सुरू केलेले काम असले की या धमकीचा परिणाम अनेक पटींनी होतो. बायका दागिना मोडून पैसे भरतात ते इथे. आणि एकदा भरले की ‘ना हरकत प्रमाणपत्राचे’ आणखी पैसे मागितले जातात, कारण ही बाई घाबरून पैसे देते हे आता त्यांना कळलेले असते.

ज्यांनी अशी सही आधीच केली आहे त्यांच्यासाठी कायद्याची बाजू थोडी सविस्तर लिहिते. काम नीट न होणे हा करारभंगाचा, म्हणजे दिवाणी विषय आहे. त्यासाठी पोलीस अटक करत नाहीत. वकिलाची नोटीस हे एका पक्षाचे पत्र असते, न्यायालयाचा आदेश नव्हे. समन्स न्यायालयाकडून येते, त्यावर प्रकरण क्रमांक असतो आणि तो ई-कोर्ट्सच्या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. तिथे प्रकरण सापडत नसेल तर नोटिशीवरची मुद्रा फक्त चित्र आहे असे समजावे. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १९ प्रमाणे फसवून मिळवलेल्या संमतीवरचा करार फसवल्या गेलेल्या पक्षाला रद्द ठरवता येतो. कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय वाजवी भरपाईच देते, लिहिलेला आकडा आपोआप देणे होत नाही. उलट, अशी खोटी नोटीस दाखवून पैसे उकळणे हा भारतीय न्याय संहितेखाली फसवणुकीचा आणि खंडणीचा विषय होऊ शकतो. त्यामुळे पैसे भरू नयेत, फोनवर वाद घालू नये, करार, संदेश, नोटीस आणि फोन क्रमांक जपून ठेवावेत आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा. पैसे गेलेले नसतील आणि फक्त धमक्यांचे फोन येत असतील तर संचार साथी संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या सोयीतही तो क्रमांक कळवता येतो. आणि घरात एका तरी माणसाला सांगून ठेवावे. धमकीचा सारा जोर आपण एकट्या आहोत या गृहीतकावर असतो.

आपल्या नणंदेच्या १५० रुपयांविषयी. ते खरे आहेत, आणि म्हणूनच ते दिले गेले. पहिल्या दिवशी व्हिडिओ लाइक करण्याचे किंवा हॉटेलला तारे देण्याचे थोडे पैसे येतात, मग टेलिग्रामच्या गटात घेतले जाते. तिथे ‘प्रीपेड टास्क’ असते: १,००० रुपये भरा, १,३०० परत घ्या. तेही एकदा मिळतात. पुढे ५,००० आणि मग ३०,००० भरायला सांगतात. त्यानंतर टास्क चुकले, खाते अडकले, सोडवण्यासाठी कर भरा, असे सुरू होते, आणि ॲपच्या पडद्यावर आपली शिल्लक वाढत जाताना दिसते, पण काढता येत नाही. गटातील ज्या बायका आपापल्या कमाईचे फोटो टाकत असतात त्या त्याच टोळीच्या असतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अशा टास्क आणि गुंतवणुकीच्या फसवणुकीतील १०० हून अधिक संकेतस्थळे एकाच वेळी बंद केली होती, तरी प्रकार थांबलेला नाही, कारण नवे संकेतस्थळ उभारायला त्यांना फारसा वेळ लागत नाही.

याची एक बाजू सहसा कोणी सांगत नाही. ते १५० रुपये बहुधा दुसऱ्या कोणा फसलेल्या माणसाचे असतात. त्या माणसाने तक्रार केली की त्याचा पैसा ज्या ज्या खात्यांतून फिरला ती खाती तपासात येतात, आणि त्यांपैकी एखाद्या खात्यातील रक्कम बँक रोखून धरू शकते. नणंदेने पुढे काही न करता तिथून बाहेर पडावे, आणि पुढची पायरी म्हणून ‘आपल्या खात्यात ग्राहकांचे पैसे घ्या, २ टक्के ठेवून बाकीचे पुढे पाठवा’ असे काम देऊ केले तर ते कोणत्याही कारणाने घेऊ नये. त्या कामात फसवणुकीचा पैसा आपल्या नावाच्या खात्यातून जातो आणि पोलिसांना प्रथम आपलेच नाव दिसते. कोणाचे पैसे गेलेच असतील तर उशीर न करता सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी मदत क्रमांकावर फोन करावा आणि त्या वेळी बँकेचे नाव, वेळ, रक्कम आणि यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवावा. पैसा पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी कळले तर तो तिथेच अडवता येतो. यात प्रत्येक तास मोलाचा असतो, रात्री घरात चर्चा करून सकाळी फोन करण्यात अनेकांचे पैसे गेले आहेत.

आता ॲपकडे वळू. सुरुवातीला सांगितलेल्या कसोटीवर त्यांचे दोन गट पडतात. अपवर्क, फायव्हर यांसारखी स्थळे काम देणाऱ्याचे पैसे आधी स्वतःकडे घेऊन ठेवतात. इंटर्नशाला, अपना, वर्कइंडिया, नोकरी, लिंक्डइन ही मुख्यतः गाठ घालून देणारी स्थळे आहेत. तिथे पगार थेट मालकाकडून महिनाअखेर येतो आणि मध्ये कोणी पैसा धरून ठेवलेला नसतो. दुसऱ्या गटात फसवणूक जास्त शिरते ती या कारणाने. ती ॲप खोटी आहेत असे मात्र नाही.

अपवर्कवर ठरीव रकमेचे काम मिळाले की ग्राहकाला त्या टप्प्याची रक्कम आधी जमा करावी लागते. आपण काम सादर केल्यावर त्याला पाहण्यासाठी १४ दिवस मिळतात. तो काहीच बोलला नाही तर रक्कम आपोआप आपल्याकडे येते आणि आणखी ५ दिवसांनी बँकेत घेता येते. तासाच्या कामात संगणकावर त्यांचे ॲप चालू ठेवावे लागते, ते अधूनमधून पडद्याचे चित्र टिपते आणि त्या नोंदीवर पैशाची हमी मिळते. हाताने लिहिलेल्या तासांना ती हमी नसते. म्हणजे हे काम केवळ फोनवर होण्यासारखे नाही. स्थळ आपल्या कमाईतून शुल्क कापते. अपवर्कवर ते कामागणिक बदलते आणि १५ टक्क्यांपर्यंत जाते, फायव्हर सरसकट २० टक्के घेते आणि काम पूर्ण झाल्यावर नव्या विक्रेत्याला साधारण १४ दिवसांनी रक्कम काढू देते. भाव ठरवताना ही कपात आधीच धरावी.

येथे एक अडचण येते. अपवर्कवर अर्ज करण्यासाठी ‘कनेक्ट्स’ लागतात आणि थोडे मोफत मिळतात ते संपले की विकत घ्यावे लागतात, एकाची किंमत ०.१५ डॉलर. एका अर्जाला अनेक कनेक्ट्स खर्ची पडतात, म्हणजे प्रत्येक अर्जामागे शंभर-दीडशे रुपये सहज जाऊ शकतात. मग हे आणि नोंदणी शुल्क यांत फरक काय? फरक असा की हे पैसे स्थळ स्वतःच्या पानावर सर्वांकडून सारखेच घेते, एखादे विशिष्ट काम देण्याच्या बदल्यात कोणी ग्राहक ते मागत नाही, आणि ते भरल्याने काम मिळेल असे कोणी वचनही देत नाही. तरीसुद्धा पहिल्या महिन्यात मोफत मिळतील तेवढेच वापरावेत असे माझे मत आहे. ज्या कामांवर आधीच पन्नासेक अर्ज पडले आहेत त्यांवर पैसे खर्च करण्यात अर्थ नसतो.

खऱ्या स्थळावरही खोटी कामे येतात. ओळखीचा नमुना असा: पीडीएफमधील ३० पाने वर्डमध्ये टंकून द्या, ५०० डॉलर मिळतील. ग्राहक लगेच टेलिग्रामवर बोलावतो, आणि काम झाल्यावर रक्कम सोडवण्यासाठी आपल्याकडून ‘प्रक्रिया शुल्क’ मागतो. यात तीन गोष्टी पाहाव्यात. कामाच्या पानावर ‘Payment method verified’ दिसते का, ग्राहकाने आजवर किती खर्च केला आहे आणि त्याच्याविषयी आधीच्या लोकांनी काय लिहिले आहे, आणि करार प्रत्यक्ष सुरू होऊन टप्प्याची रक्कम जमा झाली आहे का. यांतली तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण पहिल्या खुणेचा अर्थ एवढाच की त्याचे कार्ड तपासलेले आहे, माणूस नव्हे. करार होण्याआधी स्थळाबाहेर बोलणे अपवर्कच्या नियमांत बसत नाही, आणि बाहेर गेलेल्या कामाला त्यांची हमीही राहत नाही. याखेरीज आपले अपवर्क खाते महिन्याच्या भाड्याने मागणारेही भेटतात. ते देऊ नये, कारण ओळखपत्र, पॅन आणि बँक खाते सगळे आपले असते आणि काम कोण करतो हे आपल्याला माहीत नसते.

हे सारे सांगितले, तरी आपण सुरुवात अपवर्कपासून करावी असे मला वाटत नाही. डेटा एंट्रीच्या कामावर तिथे जगभरातून अर्ज पडतात आणि नव्या माणसाला पहिले काम मिळायला महिने लागतात. आपल्याकडे टॅली आहे, आणि टॅलीचे गिऱ्हाईक तर आपल्या शहरातच आहे. सियागंज आणि क्लॉथ मार्केटमधील व्यापाऱ्यांची बिले कोणा ना कोणा सीएच्या कार्यालयात नोंदवली जातात, आणि नोंदी करणाऱ्या हातांची तिथे महिन्यातील ठरावीक दिवसांत टंचाई असते. तेव्हा इंटर्नशालावर घरून करण्याची, अर्धवेळ हिशेबाची कामे शोधावीत. तिथल्या अनेक जाहिरातींत करिअर पुन्हा सुरू करू इच्छिणाऱ्या स्त्रियाही अर्ज करू शकतात असे स्पष्ट लिहिलेले असते. अपना आणि वर्कइंडियावर ठिकाण इंदूर ठेवून ‘अकाउंट्स’ हा शब्द टाकावा, ‘टायपिंग’ किंवा ‘डेटा एंट्री’ नव्हे. या दोन शब्दांखालीच फसव्या जाहिराती सर्वाधिक असतात.

अशा जाहिरातीतील कार्यालय खरे आहे का हे तपासायला फार वेळ लागत नाही. त्यांचा जीएसटी क्रमांक मागावा आणि services.gst.gov.in वर करदाता शोधण्याच्या सोयीत तो टाकावा. नाव, पत्ता, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे सारे दिसते. या १५ अक्षरी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात: मध्य प्रदेशचा २३, गुजरातचा २४, महाराष्ट्राचा २७. कार्यालय विजय नगरात आहे असे सांगून २४ ने सुरू होणारा क्रमांक दिला तर विचारावे, दुसऱ्या राज्यातही शाखा असू शकते, पण उत्तर नीट मिळाले पाहिजे. लहान कार्यालयाला जीएसटी नोंदणी नसणेही शक्य आहे. मग प्रत्यक्ष जाऊन यावे, शहरातले काम घेण्याचा हाच तर फायदा आहे. एवढे लक्षात ठेवावे की खऱ्या कंपनीचे नाव आणि क्रमांक चोरून कोणीही वापरू शकतो. म्हणून संदेश पाठवणाऱ्याने दिलेल्या फोनवर खात्री करू नये, कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून क्रमांक काढून तिथे विचारावे. ओळखीसाठी आधार द्यावेच लागले तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारे मास्क केलेले आधार द्यावे.

घरून टॅलीचे काम दोन रीतींनी चालते. एक तर कार्यालय बिलांचे फोटो पाठवते आणि आपण आपल्या संगणकावर नोंदी करून बॅकअप परत देतो. किंवा दूरस्थ जोडणीच्या ॲपने आपण त्यांच्या संगणकावर जाऊन काम करतो. दुसऱ्या रीतीत दिशा नीट पाहावी. आपण त्यांच्या संगणकात शिरतो तेव्हा सर्व ठीक असते. ते आपल्या संगणकात किंवा फोनमध्ये शिरण्याची परवानगी मागू लागले, आणि विशेषतः ज्या फोनवर बँकेचे ॲप आहे त्यावर असे ॲप टाकायला सांगितले, तर काम सोडून द्यावे. प्रशिक्षणासाठी हवे, सेटिंग करून देतो, अशी कोणतीही सबब ऐकू नये.

पैसे धरून ठेवणारे कोणी मध्ये नाही ही उणीव आपण स्वतः भरून काढायची असते. नमुना म्हणून २०-२५ बिलांच्या नोंदी फुकट करून देणे रास्त आहे, एका महिन्याची सगळी बिले ‘चाचणी’ म्हणून करून देणे नव्हे. पहिला महिनाभर हिशेब आठवड्याने मिटवावा असे आधीच बोलून घ्यावे: शनिवारपर्यंतच्या नोंदींचे पैसे आल्यावर सोमवारी पुढची बिले. खरे कार्यालय यावर थोडे कुरकुरेल, पण सहसा मानेल. मानले नाही आणि पहिला पगार ४५ दिवसांनी असे म्हणाले, तर आपण दीड महिन्याचे श्रम उधारीवर देत आहोत हे समजून निर्णय घ्यावा. ठरलेला दर, नोंदींची मोजणी कशी होईल आणि चूक निघाल्यास ती आपण विनामूल्य दुरुस्त करू, दंड भरणार नाही, एवढे एका ई-मेलमध्ये लिहून पाठवावे आणि त्यांचे ‘मान्य’ असे उत्तर जपून ठेवावे. लांबलचक करारापेक्षा या चार ओळींचा उपयोग जास्त होतो.

वेळेबद्दलही आधीच बोलावे. दरमहा विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्यांचे जीएसटीआर-१ महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत भरायचे असते, त्यामुळे ५ ते ११ आणि १५ ते २० या दिवसांत कामाची गर्दी होते आणि महिनाअखेर हात मोकळा राहतो. ११ ते ३ या वेळेत आपण रोज किती नोंदी करू शकता हे एक-दोन दिवस स्वतः मोजून पाहावे आणि त्या आकड्यावरच गर्दीच्या दिवसांचे काम स्वीकारावे. मुलांच्या परीक्षा त्याच आठवड्यात येत असतील तर तसे कार्यालयाला महिनाभर आधी कळवावे.